१६, १७ की १८ जुलै? शिलाई मशीन योजनेची एक सूचना नव्याने लिहिताना

हे प्रकरण मराठवाड्यातील एका पंचायत समितीचे आहे. तालुका आणि माणसे ओळखू येतील असे तपशील काढून टाकले आहेत. सूचनेच्या नव्या मसुद्यावर मी शेवटपर्यंत काम केले, म्हणून जे पाहिले आणि जिथे चुकलो ते दोन्ही इथे मांडतो आहे.

पार्श्वभूमी

जिल्हा परिषदेच्या स्वनिधीतून, म्हणजे गावच्या भाषेत सेस फंडातून, महिला व बालकल्याण विभाग दरवर्षी काही वैयक्तिक लाभाच्या योजना राबवतो. त्यातलीच एक म्हणजे ९० टक्के अनुदानावर शिलाई मशीन. जिल्हा परिषदेकडून पत्र येते, पंचायत समिती त्यावरून सूचना काढते आणि ती ग्रामपंचायतींच्या फलकावर लागते. गावात अर्ज गोळा होतात, तालुक्याला छाननी होते आणि यादी जिल्ह्याला जाते.

२०२४ साली निघालेल्या सूचनेचा गाभा एकाच वाक्यात होता:

«उपरोक्त विषयान्वये सर्व संबंधितांस सूचित करण्यात येते की, ग्रामीण भागातील दारिद्र्यरेषेखालील अथवा विहित उत्पन्न मर्यादेतील तसेच विधवा, परित्यक्ता, दिव्यांग महिलांना ९० टक्के अनुदानावर शिलाई मशीन पुरविणे या योजनेकरिता पात्र इच्छुक लाभार्थ्यांकडून विहित नमुन्यात परिपूर्ण प्रस्ताव मागविण्यात येत असून, आवश्यक त्या साक्षांकित कागदपत्रांसह सदर प्रस्ताव ही सूचना प्रसिद्ध झाल्यापासून १५ दिवसांच्या आत ग्रामपंचायतीमार्फत या कार्यालयास सादर करावेत.»

त्याखाली एक ओळ होती: अपूर्ण आणि मुदतीनंतर आलेल्या प्रस्तावांचा विचार केला जाणार नाही. उत्पन्नाची मर्यादा किती आणि ‘आवश्यक ती’ कागदपत्रे कोणती, हे कुठेच नव्हते.

अडचण कुठे उघडी पडली

त्या वर्षी आलेल्या अर्जांपैकी निम्म्याहून जास्त परत गेले किंवा बाद झाले. गटविकास अधिकारी मॅडमनी परत गेलेल्या अर्जांचा गठ्ठा मागवला आणि प्रत्येकाचे कारण एका वहीत उतरवून घ्यायला सांगितले. पुढच्या कामाला या वहीचा सर्वात जास्त उपयोग झाला. अर्जदार बायका नियमात बसत नव्हत्या, असे फार थोड्या ठिकाणी निघाले. बहुतेक ठिकाणी एखादा कागद कमी होता, जुना होता किंवा अर्ज ‘उशिरा’ आला होता.

उशिराचा भाग नीट सांगायला हवा. सूचनेवर तारीख होती २ जुलै २०२४. त्या दिवसासह १५ दिवस मोजले तर मुदत १६ जुलैला संपते. कायद्याच्या मोजणीत पहिला दिवस सोडतात, तसे मोजले तर १७ जुलै येते. त्या दिवशी आषाढी एकादशी होती आणि मोहरमची सुटीही होती. शेवटचा दिवस सुटीचा आला की पुढचा कामाचा दिवस धरावा, हेही कायद्याच्या मोजणीत बसते, म्हणजे १८ जुलै. एका वाक्यातून तीन शेवटच्या तारखा निघत होत्या. तालुक्याच्या टेबलावर १६ धरली गेली. १८ तारखेला आलेले अर्ज बाद झाले, आणि ते घेऊन आलेल्या बायकांपैकी कुणाचीही मोजणी चुकलेली नव्हती.

त्यातही ‘प्रसिद्ध झाल्यापासून’ म्हणजे कधीपासून? एका गावात सूचना फलकावर लागली ८ जुलैला. त्या गावाच्या दृष्टीने १५ दिवस तिथून सुरू होत होते. शिवाय ‘ग्रामपंचायतीमार्फत या कार्यालयास’ या शब्दांमुळे मुदत गावात अर्ज देण्याची की तो तालुक्याला पोहोचण्याची, हेही कळत नव्हते. वेळेत दिलेले काही अर्ज ग्रामपंचायतीच्या कपाटात राहून ‘उशिरा’ झाले होते.

दाखल्यांचे गणित वेगळेच होते. उत्पन्नाचा दाखला देण्यासाठी लोकसेवा हक्क कायद्याखाली ठरलेली मुदतच १५ दिवसांची आहे. म्हणजे सूचना निघाली त्या दिवशी अर्ज केला तरी दाखला मुदतीच्या काठावर हातात यायचा. त्या जुलैत लाडकी बहीण योजनेची नोंदणी नुकतीच सुरू झालेली होती आणि सेवा केंद्रांवर उभे राहायला जागा नव्हती.

समोर आलेले पर्याय

२०२५च्या उन्हाळ्यात मॅडमनी ही सूचना सोपी करून द्यायला मला सांगितले. बैठकीत तीन मार्ग पुढे आले.

पहिला, जुनी सूचना तशीच ठेवून खाली कागदपत्रांची चौकट द्यायची. हे सर्वात कमी कष्टाचे होते. पण चौकट सोपी आणि वरचे वाक्य दुहेरी अर्थाचे राहिले, तर वाद झाला की निकाल वरच्या वाक्यावरच होणार.

दुसरा, सूचना कार्यालयासाठी ठेवायची आणि लोकांसाठी वेगळे सोपे पत्रक काढायचे. मला आधी हेच पटले होते. विस्तार अधिकाऱ्यांनी त्यावर एक प्रश्न विचारला: «दोन कागद झाले आणि दोन्हींत फरक निघाला, तर बाई कुठला दाखवणार आणि आम्ही कुठला मानणार?» याला माझ्याकडे उत्तर नव्हते. आजही नाही.

तिसरा, सूचनाच नव्याने लिहायची, तिच्यावर जावक क्रमांक आणि सही असेल आणि तीच एकमेव असेल. याला कार्यालयातून विरोध झाला. अटी जिल्हा परिषद ठरवते, पंचायत समितीने शब्द बदलले आणि त्यासोबत अट बदलली तर लेखापरीक्षणात आक्षेप येईल, असे म्हणणे होते. ही भीती खरी होती. ‘विहित नमुन्यात’सारखे शब्द काढल्याने अट बदलत नाही, पण ‘तसेच’ काढून ‘आणि’ किंवा ‘किंवा’ लिहिले की ती बदलते.

शेवटी तिसरा मार्ग ठरला, एका अटीवर: जिथे अर्थ दुहेरी आहे तिथे आम्ही आमच्या मनाने काही ठरवायचे नाही, जिल्ह्याला लेखी विचारायचे.

निर्णयाचे टप्पे

कामाला बसल्यावर लक्षात आले की सोपे शब्द शोधण्यात दोन तासही गेले नाहीत. खरा वेळ गेला तो वाक्याच्या पोटात लपलेले, कुणीच न घेतलेले निर्णय बाहेर काढण्यात. ‘विहित मर्यादेतील तसेच विधवा’ याचा अर्थ मी तीन जणांना विचारला. दोघांच्या मते विधवा महिलेला उत्पन्नाची अट नव्हती, एकाच्या मते होती. तिघेही रोज ही फाइल हाताळणारे होते.

जिल्हा परिषदेला चार प्रश्नांचे पत्र गेले. विधवा, परित्यक्ता आणि दिव्यांग महिलांना उत्पन्नाची अट लागू आहे का? ‘एका कुटुंबात एकदाच लाभ’ यातले कुटुंब कसे ठरवायचे? उत्पन्नाचा दाखला कोणत्या वर्षाचा चालेल? मुदत ग्रामपंचायतीत अर्ज देण्याची की तालुक्याला पोहोचण्याची? प्रत्येक प्रश्नाखाली आम्ही दोन संभाव्य उत्तरे लिहून दिली, म्हणजे वरच्या टेबलाला फक्त खूण करून सही करायची होती. उत्तर नऊ दिवसांत आले. मोघम प्रश्न पाठवला असता, तर ‘नियमानुसार कार्यवाही करावी’ एवढेच परत आले असते, याची मला खात्री आहे.

उत्तरे अशी होती. उत्पन्नाची अट सर्वांना लागू, मर्यादा वर्षाला १,२०,००० रुपये. दारिद्र्यरेषेखालील यादीत नाव असेल तर दाखला नको. विधवा, परित्यक्ता आणि दिव्यांग महिलांना निवडीत प्राधान्य. कुटुंब म्हणजे एका रेशनकार्डावरची माणसे. दाखला चालू आर्थिक वर्षाचा. मुदत ग्रामपंचायतीत अर्ज देण्याची.

कुटुंबाच्या व्याख्येवर आम्ही अडखळलो. सासू आणि दोन सुना एकाच रेशनकार्डावर असतील, तर तिघींत मिळून एकच मशीन. जुन्या सूचनेत ही अट ‘एका कुटुंबातील’ या शब्दांत झाकलेली होती. उघड लिहिली की ती बोचते. कार्यालयातल्या एकाने सुचवले, «हे असं थेट नको लिहायला, तक्रारी येतील.» मॅडम म्हणाल्या, «तक्रार अटीबद्दल असेल तर ती यायलाच हवी. बाईंनी कागद गोळा करायला चार हेलपाटे घालून मग कळण्यापेक्षा आधी कळू दे.» वाक्य तसेच राहिले.

शब्दांचेही दोन निर्णय सांगण्यासारखे आहेत. जुन्या सूचनेत अर्ज करणारीला ‘लाभार्थी’ म्हटले होते, म्हणजे अजून काहीच मिळालेले नाही तिलाही. गावात काहींनी त्याचा अर्थ ‘ज्यांची नावे यादीत आधीच आहेत त्या’ असा घेतला होता. आम्ही ‘अर्जदार’ लिहिले. ‘परित्यक्ता’ मात्र ठेवावा लागला. ‘पतीपासून वेगळ्या राहणाऱ्या’ हे सोपे आहे, पण त्यात कामासाठी नवरा परगावी असलेलीही बसते. म्हणून ‘पतीने सोडून दिलेली (परित्यक्ता)’ असे लिहिले आणि पुढे कोणता दाखला लागेल ते जोडले. हे शब्द मला आजही सुखाचे वाटत नाहीत, पण दाखल्यावर जो शब्द छापून येतो तो सूचनेत नसेल, तर ती बाई स्वतःला त्यात ओळखणार कशी?

सर्वात धोक्याचा शब्द होता ‘पुरविणे’. वैयक्तिक लाभाच्या अशा योजनांत २०१६च्या शासन निर्णयापासून वस्तूऐवजी पैसे थेट खात्यात देण्याची पद्धत आली. म्हणजे निवड झाल्यावर बाईने मशीन स्वतः विकत घ्यायचे, जीएसटीची पावती द्यायची आणि मग अनुदान जमा होणार. ‘मशीन पुरविणे’ वाचून बायकांना वाटे, मशीन घरी येणार. एकीने उलट केले होते. निवडीची वाट न पाहता उसने पैसे काढून मशीन घेतले आणि पावती अर्जाला जोडली. निवड झाली नाही. त्या पावतीची झेरॉक्स मी फाइलमध्ये पाहिली आहे. नव्या सूचनेत एका वाक्याला जाड अक्षर द्यायचे ठरले, ते या पावतीमुळे.

वाचून घेतलेली चाचणी

सहीआधी मसुदा एका अंगणवाडीत सात जणींकडून वाचून घेतला. «समजलं का?» असे विचारले नाही, कारण त्याला सगळ्याच हो म्हणतात. त्याऐवजी प्रसंग सांगितले: «तुमच्या जावेकडे गेल्या वर्षीचा उत्पन्नाचा दाखला आहे, तो चालेल?» «१२ तारखेला संध्याकाळी सहाला अर्ज घेऊन गेलात तर घेतील?»

त्यातून मसुद्यात न सुचलेल्या दोन गोष्टी कळल्या. पाच जणी म्हणाल्या की पिवळे किंवा केशरी रेशनकार्ड असले की दाखला लागत नाही. लाडकी बहीण योजनेत तशी सवलत होती आणि ती त्यांच्या पक्की लक्षात होती. माणूस सूचना कोऱ्या मनाने वाचत नाही, आधीच्या योजनेचा नियम घेऊन वाचतो. म्हणून ‘रेशनकार्ड दाखल्याऐवजी चालणार नाही’ हे वेगळे लिहावे लागले. पिवळे कार्ड म्हणजेच दारिद्र्यरेषेखालील यादीत नाव, असाही समज होता. यादीतला क्रमांक ग्रामपंचायतीतून पाहून घ्यायचा असतो.

दुसरी गोष्ट बँक खात्याची. ‘आधार संलग्न खाते’ यावर सगळ्यांनी हो म्हटले, कारण खाते उघडताना प्रत्येकीने आधार दिले होते. पण थेट जमा होणारे पैसे बँकेने त्या कामासाठी आधारशी जोडलेल्या खात्यातच जातात, आणि दोन खाती असली की घोटाळा होतो. हे समजावणारी चार वाक्ये लिहून आम्ही खोडली. शेवटी एकीच्याच बोलण्यातून वाक्य मिळाले: लाडकी बहीणचे पैसे ज्यात येतात ते खाते.

नवी सूचना

शिलाई मशीन घेण्यासाठी ९० टक्के अनुदान
अर्जाची शेवटची तारीख: शुक्रवार, १२ सप्टेंबर २०२५, सायंकाळी ५ पर्यंत
अर्ज कुठे द्यायचा: तुमच्या गावच्या ग्रामपंचायत कार्यालयात. अर्ज दिल्यावर तारीख आणि सही असलेली पोच घ्या.

कोणाला अर्ज करता येईल
१. या तालुक्यातील गावात राहणारी, १८ वर्षे पूर्ण झालेली महिला.
२. कुटुंबाचे वर्षाचे उत्पन्न १,२०,००० रुपये किंवा त्यापेक्षा कमी, किंवा दारिद्र्यरेषेखालील यादीत नाव.
३. शिवणकाम शिकल्याचे प्रमाणपत्र असलेली.
४. त्याच रेशनकार्डावरील कोणीही याआधी ही योजना घेतलेली नसावी. एका रेशनकार्डावर एकाच महिलेला अनुदान मिळेल.
विधवा, पतीने सोडून दिलेल्या (परित्यक्ता) आणि दिव्यांग महिलांना निवडीत प्राधान्य. वरच्या अटी त्यांनाही लागू आहेत.

अर्जासोबत काय जोडायचे (झेरॉक्सवर स्वतःची सही करा, दुसऱ्या कोणाच्या सही-शिक्क्याची गरज नाही)
१. आधार कार्ड आणि रेशनकार्ड.
२. तहसील कार्यालयाचा उत्पन्नाचा दाखला. त्यावर ३१ मार्च २०२६ पर्यंत वैध असे छापलेले असावे. रेशनकार्ड या दाखल्याऐवजी चालणार नाही. दारिद्र्यरेषेखालील यादीत नाव असेल, तर दाखल्याऐवजी यादीतील क्रमांकाचा ग्रामपंचायतीचा दाखला.
३. शिवणकामाचे प्रमाणपत्र.
४. बँक पासबुकाचे पहिले पान. ज्या खात्यात लाडकी बहीण किंवा इतर शासकीय योजनेचे पैसे येतात, त्याच खात्याचे.
५. प्राधान्य हवे असल्यास: पतीचा मृत्यू दाखला, किंवा परित्यक्ता असल्याचा ग्रामपंचायतीचा दाखला, किंवा दिव्यांग प्रमाणपत्र.
उत्पन्नाचा दाखला मिळायला १५ दिवस लागू शकतात. तो आधी काढायला टाका.

निवड झाल्याचे पत्र मिळण्याआधी मशीन विकत घेऊ नका. निवड झाल्यावर मशीन तुम्ही विकत घ्यायचे, जीएसटी क्रमांक असलेली पावती द्यायची. त्यानंतर अनुदान खात्यात जमा होईल.

जास्तीत जास्त किती रुपये मिळतील ती रक्कम मूळ सूचनेत होती. इथे ती गाळली आहे, कारण ती जिल्ह्यागणिक बदलते. तळाशी जिल्हा परिषदेच्या पत्राचा क्रमांक आणि तारीख एका ओळीत दिली. जुन्या सूचनेची सुरुवातच या संदर्भांनी होत असे. ‘साक्षांकित’ काढताना कुणी अडवले नाही. स्वतःच्या सहीची प्रत चालते हे राज्य शासनाने २०१५ सालीच ठरवले होते, शब्द तेवढा मसुद्यातून मसुद्यात उतरत आला होता.

मुदत ठरवताना आधी दाखल्याचे १५ दिवस धरले, मग गौरी-गणपतीचे दिवस सोडले. ७ सप्टेंबरनंतरचा एक पूर्ण कामाचा आठवडा हाती राहावा म्हणून १२ तारीख आली. सूचना १ ऑगस्टला सर्व फलकांवर एकाच दिवशी लागली.

काय झाले

अपूर्ण अर्जांचे प्रमाण निम्म्याहून जास्त होते, ते साधारण सहात एकावर आले. उशिराच्या कारणाने एकही अर्ज बाद झाला नाही. निवडीआधी मशीन घेतल्याचेही एकही उदाहरण आले नाही. याचे सगळे श्रेय भाषेला देता येणार नाही. मुदत सहा आठवड्यांची झाली होती आणि सेवा केंद्रांवरची गर्दी ओसरली होती. पण वहीतली ‘जुना दाखला’ आणि ‘चुकीचे खाते’ ही कारणे जवळजवळ नाहीशी झाली, आणि ती केवळ मुदत वाढवल्याने गेली नसती.

रेशनकार्डाच्या अटीवर तक्रारी आल्या, लेखी आल्या. त्या जिल्ह्याला पाठवल्या आहेत.

काय वेगळे करता आले असते

या वर्षी परत गेलेल्या अर्जांत सर्वात मोठे कारण नवेच निघाले. शिवणकामाचे प्रमाणपत्र माहेरच्या नावाचे आणि आधार सासरच्या नावाचे. छाननीत ‘नावात तफावत’ असा शेरा पडला. आम्ही ज्या सात जणींकडून वाचून घेतले त्यांतल्या एकीकडेही ते प्रमाणपत्र नव्हते. बोलावताना आम्ही फक्त वाचता येणाऱ्या बायका बोलावल्या, कागद असलेल्या नाही. प्रत्येकीला आपापली कागदांची पिशवी घेऊन यायला सांगितले असते, तर ही गोष्ट त्या सकाळीच दिसली असती. पुढच्या वर्षीच्या मसुद्यात विवाह नोंदणीचा दाखला, आणि तो नसेल तर काय चालेल, हे लिहायचे आहे. ‘नसेल तर काय’ याचे उत्तर अजून जिल्ह्याकडून यायचे आहे.

दुसरी चूक व्हॉट्सॲपची. सूचनेचा फोटो गटांत फिरला तेव्हा अनेकांनी फक्त वरचा भाग कापून पाठवला. तारीख वर असल्यामुळे ती पोहोचली, पण मशीन आधी घेऊ नका हे वाक्य खाली होते आणि ते कापले गेले. कुणाचे नुकसान झाले नाही, हे केवळ ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी (गावात आजही त्यांना ग्रामसेवकच म्हणतात) अर्ज घेताना ते तोंडी सांगितले म्हणून. ते वाक्य तारखेच्या लगेच खाली हवे होते. मसुद्याच्या दुसऱ्या वाचनात मी स्वतः ते खाली नेले होते, पैसे मिळण्याच्या क्रमात ते तिथे बसते म्हणून.

आणि ऑक्टोबरच्या शेवटी एक आजी तोच फोटो फोनवर दाखवत कार्यालयात आल्या, नातीसाठी अर्ज करायला. त्यांना तारीख वाचता येत नव्हती. फोटो त्यांना दोन दिवसांपूर्वी आला होता.